पन्नासाव्या वाढदिवसाच्या फोटोखालच्या चार ओळी

आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली की जुना अल्बम खाली उतरतो, आणि फोटो निवडून त्याखाली काहीतरी लिहायचं काम नातवंडांवर येतं. मुलं हॉल, जेवण, मानपान यांत अडकलेली असतात. शिवाय घरात सगळ्यांना ठाऊक असतं की गोष्टी या नातीलाच जास्त माहीत आहेत. शाळेच्या सुट्ट्या ती तिथेच राहिली, दुपारी आजीशेजारी आडवी होऊन तिने सगळं ऐकलं. तेव्हा कॅप्शन तिनेच लिहावं.

खरी अडचण इथूनच सुरू होते. ज्याला एकच गोष्ट माहीत असते तो ती लिहून मोकळा होतो. जिच्याकडे चाळीस गोष्टी आहेत ती गोंधळते, आणि शेवटी यातली एकही न लिहिता असं काहीतरी लिहिते:

‘५० वर्षांचा सुंदर प्रवास! सुखदुःखात एकमेकांची साथ देत आम्हा सर्वांना प्रेमाचा आदर्श घालून देणाऱ्या माझ्या लाडक्या आजी-आजोबांना लग्नाच्या सुवर्णमहोत्सवी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!’

यात खोटं काही नाही. पण फोटो बदलून हेच वाक्य शेजारच्या बिल्डिंगमधल्या जोडप्याखाली लावलं तरी चालेल, आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. ज्या नातीने इतकं ऐकलंय तिच्या लिखाणात ऐकलेलं काहीच उतरलेलं नाही. या दोन माणसांखेरीज कोणालाच लागू पडणार नाही अशी निदान एक वस्तू तरी त्यात हवी. ती शोधायची कशी, तपासायची कशी आणि किती शब्दांत बसवायची, हे एका घराचं उदाहरण धरून सविस्तर बघू.

समजा, आजी-आजोबा ठाण्यात चरईला राहतात. लग्न ९ मे १९७६ रोजी नौपाड्यात झालं. आजोबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. नात आता नेरूळला असते.

आधी तारीख. घरातल्या सगळ्यांना ती पाठ आहे असं वाटतं, म्हणूनच ती तपासली जात नाही. लग्नपत्रिका ट्रंकेत असेल तर काढावी. तिच्यावर बहुधा शके आणि तिथी ठळक असते आणि इंग्रजी तारीख बारीक. शकावरून सन काढताना गुढीपाडवा ते डिसेंबर या काळात ७८ मिळवायचे आणि जानेवारी ते पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. वैशाख शके १८९८ म्हणजे १९७६. पण लग्न माघातलं असेल आणि सरसकट ७८ मिळवले तर वर्ष एकाने चुकतं. मग पन्नासावा वाढदिवस वर्षभर आधीच साजरा होतो. खात्रीसाठी वार बघावा. ९ मे १९७६ हा रविवार होता. पत्रिकेवर दुसरा वार छापलेला असेल तर वाचण्यात कुठेतरी चूक आहे.

तिथीचा घोळ वेगळाच. ९ मे १९७६ ला वैशाखाचा शुद्ध पक्ष चालू होता. २०२६ मध्ये तीच तिथी एप्रिलच्या अखेरीस येते, आणि ९ मे २०२६ पर्यंत वद्य पक्ष लागलेला असतो. आजी तिथीने ओवाळून घेणार असेल आणि हॉल तारखेने घेतलेला असेल तर कॅप्शनमध्ये ‘आजच्या दिवशी’ लिहून भागत नाही, सरळ तारीख लिहावी. बॅनरवर ‘पन्नासाव्या वर्षात पदार्पण’ असं सर्रास छापलं जातं. पन्नासाव्या वर्षात पदार्पण एकोणपन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हाच झालं. ९ मे २०२६ ला पन्नास पूर्ण होऊन एक्कावन्नावं लागतं. म्हणून ‘पन्नास वर्षं झाली’ एवढंच लिहिलेलं उत्तम.

आता फोटो. १९७६ चा अल्बम म्हणजे काळी जाड पानं, मध्ये बटर पेपर, आणि कोपऱ्यांच्या खाचांत बसवलेले कृष्णधवल फोटो. खाचेतून फोटो हळूच निघतो, आणि तो काढून मागची बाजू बघायलाच हवी. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीने नावं लिहिलेली असतात. भिंतीवरचा फ्रेम केलेला फोटो मात्र काचेला चिकटलेला असेल तर ओढू नये, वरचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकट टिपावा. मोबाइलमागे काळं कापड धरलं की काचेत आपलं आणि खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही. सुटा फोटो स्कॅन करता आला तर ६०० डीपीआयवर करावा, म्हणजे चार बाय सहा इंचांचा फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो आणि पुढे मोठा करून बघता येतो. हे मोठं करून बघणंच कॅप्शनच्या कामाचं आहे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जे पन्नास वर्षांत कोणाला दिसलं नाही ते पडद्यावर दिसतं.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही तेव्हाच बघावं. निगेटिव्ह उलट्या बाजूने लागली की डावं-उजवं बदलतं. बाईचा पदर उजव्या खांद्यावर दिसला, पुरुषाच्या शर्टाचा खिसा उजवीकडे गेला किंवा मागच्या पाटीची अक्षरं उलटी दिसली, तर समजावं.

आपल्या उदाहरणातला फोटो स्वागत समारंभाचा आहे. दोन उंच पाठीच्या खुर्च्या, मागे पडदा, आजी शालूत, आजोबा कोटात. दोघंही कॅमेऱ्याकडे बघतायत आणि दोघांपैकी कोणीही हसत नाहीये. मोठा करून बघितल्यावर दिसतं की आजोबांच्या कोटाची बाही आखूड आहे. हात गुडघ्यावर ठेवल्यामुळे ती आणखी वर सरकलीय, आणि डाव्या मनगटावर गोल डायलचं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ पूर्ण उघडं पडलंय. पट्टा सैल आहे. डायल मनगटाच्या बाजूला घसरलंय.

फोटोखालच्या ओळीने फोटोत दिसणारं परत सांगायचं नसतं. खुर्च्या, हार, शालू, गंभीर चेहरे, हे बघणाऱ्याला दिसतंच. ओळीने दोनच गोष्टी कराव्यात. फोटोत आहे पण कोणाची नजर जाणार नाही अशा जागेवर बोट ठेवावं, आणि फोटोला जे कधीच सांगता येणार नाही ते सांगावं. कृष्णधवल फोटोला रंग सांगता येत नाही, तेव्हा शालूचा रंग विचारलाच पाहिजे. आजी चटकन ‘वांगी’ म्हणते, आजोबाही वांगीच म्हणतात. घड्याळ कोणाचं, हेही फोटो सांगू शकत नाही. तेही विचारायचं.

विचारण्याआधी मात्र नातीने एक काम करावं. स्वतःला आठवते तशी गोष्ट कागदावर लिहून ठेवावी. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींचा धोका असा की आठव्या वर्षी जे चुकीचं समजलं तेच पक्कं बसलेलं असतं. मामेआजोबांचं नाव चुलत आजोबांना चिकटलेलं असतं, दोन लग्नांमधले प्रसंग एकत्र झालेले असतात. एकदा आजीकडून नव्याने ऐकलं की आपली जुनी आठवण तिच्या सांगण्यात मिसळून जाते आणि मग कोणतं कोणाचं, ते वेगळं काढता येत नाही. लिहून ठेवलेलं असलं की फरक दिसतो.

‘आजी, तुमच्या लग्नाची गोष्ट सांग ना’ असं विचारू नये. या प्रश्नाला पन्नास वर्षांत घोटून गुळगुळीत झालेलं उत्तर मिळतं, तेच शब्द, त्याच जागी तेच हसू. मोठा केलेला फोटो हातात द्यावा, एकाच वस्तूवर बोट ठेवावं आणि म्हणावं, ‘हे घड्याळ कुठलं गं?’ उत्तर यायला वेळ लागला तर गप्प बसावं. माणूस आठवत असताना मध्ये दुसरा प्रश्न घातला की ती वाट बंद होते. फोनवर आवाज रेकॉर्ड करावा, पण सांगून.

दोघांना आधी वेगवेगळं विचारावं. एकत्र बसले की जो जास्त बोलतो त्याची गोष्ट घराची गोष्ट ठरते आणि दुसरा ‘हो, तसंच काहीतरी’ म्हणून मोकळा होतो. बऱ्याच घरांत आजोबा बोलतात आणि आजी स्वयंपाकघरातून दुरुस्त्या करते, म्हणून तिला आधी विचारावं, आणि तेही आजोबा तलावपाळीला फेरी मारायला गेलेले असताना.

तर आजी सांगते: घड्याळ यांचं नव्हतंच. त्या दिवशी सकाळी एका मित्राकडून मागून आणलं होतं, कोटासारखंच. दुसऱ्या दिवशी परत दिलं.

आजोबा सांगतात: छे, ते सासऱ्यांनी दिलं. लग्नात, विधी चालू असतानाच हातात घातलं.

अशा ठिकाणी नातवंडांची घाई होते. एकतर आजीची गोष्ट जास्त मजेशीर म्हणून ती खरी धरली जाते, किंवा वाद नको म्हणून घड्याळच वगळलं जातं. त्याआधी अल्बमलाच विचारावं. आदल्या संध्याकाळच्या, शनिवार ८ मेच्या सीमांतपूजनाच्या फोटोत आजोबांचं डावं मनगट मोकळं आहे. रविवारी सप्तपदीच्या फोटोत हात उपरण्याखाली गेलाय, काही कळत नाही. संध्याकाळच्या स्वागत समारंभात घड्याळ आहे. म्हणजे शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ या मधल्या वेळात ते हातात आलं. मित्राने सकाळी दिलं असेल तरी हे जुळतं, आणि सासऱ्यांनी विधींच्या वेळी दिलं असेल तरीही. पट्टा सैल आहे म्हणजे उसनं असेल असं वाटतं, पण नवीन घड्याळाचा पट्टाही कड्या काढून घेईपर्यंत सैलच असतो. कपाटात आजोबांचं एक जुनं घड्याळ आहे, त्याचं डायल गोल आहे आणि पट्टा कातडी. पट्टे बदलतात. ६०० डीपीआयवरही डायलवरचे आकडे उमटत नाहीत.

इथे थांबावं, असं मला फार वाटतं. आणखी खोलात शिरून त्या मित्राच्या घरी फोन करणं, मामेआजोबांना साक्षीला बोलावणं, हे कॅप्शनसाठी करू नये. खरं काय याचा निकाल लावणं हे नातवंडाचं काम नाही, ते लग्नाला हजर नव्हतं. त्याने ऐकलं आहे, आणि ऐकणाऱ्याने प्रामाणिकपणे एवढंच लिहावं की कोण काय सांगतं. ‘आजी सांगते’ आणि ‘आजोबा सांगतात’ हे शब्द वाक्यात ठेवले की दोन्ही गोष्टी खऱ्या राहतात आणि कोणीही खोटं पडत नाही.

या दोन उत्तरांत आणखीही काही आहे. आजीच्या उत्तरात तिच्या माहेराने घड्याळ दिलेलं नाही, आणि ते तीच सांगतेय. आजोबांच्या उत्तरात ते श्रेय सासऱ्यांना जातं. एवढी वर्षं प्रत्येक जण दुसऱ्याच्या बाजूने झुकतं माप घालतोय. हे नातीला कळलं तरी तिने कॅप्शनमध्ये समजावून सांगू नये. दोन वाक्यं शेजारी ठेवली की वाचणाऱ्याला ते दिसतं. खाली ‘यालाच प्रेम म्हणतात’ असं लिहिलं की त्याचं बघणं तिथेच संपतं.

नातीची स्वतःची आवडती गोष्ट खरं तर दुसरीच होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दोघं गडकरी रंगायतनला नाटकाला गेले आणि मध्यंतरातच उठून आले, ही. लहानपणी तिने ती शंभरदा ऐकलेली. पण गडकरी रंगायतन सुरू झालं १९७८ मध्ये, आणि लग्न १९७६ चं. पहिल्या महिन्यात तिथे जाणं शक्यच नाही. गोष्ट खोटी आहे असं मात्र लगेच समजू नये. बहुतेक वेळा प्रसंग खरा असतो आणि फक्त त्याची जागा सरकलेली असते. अशा वेळी आजीला साल विचारून उपयोग नसतो, कारण माणसं सालांनी लक्षात ठेवत नाहीत. ‘तेव्हा बाबा झाले होते का?’ असं विचारावं. आजी म्हणते, ‘अगं, तो रडायला लागला म्हणून तर उठलो.’ बाबांचा जन्म १९७८ च्या उत्तरार्धातला. म्हणजे नाटक १९७९ चं, मूल मांडीवर असतानाचं. पहिला महिना लग्नाचा नव्हता, आजी बाळंतपणाहून परत आल्यानंतरचा होता. ‘परत आल्यावर पहिल्याच महिन्यात’ एवढं नातीच्या कानात राहिलं, आणि कशावरून परत, ते गळालं.

ठाणे-नवी मुंबईच्या गोष्टी तपासायला अशा काही खुणा हाताशी ठेवाव्यात. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधी जयंतीला सुरू झालं. ठाण्याची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली १९८२ मध्ये, म्हणून १९७६ च्या गोष्टीत ‘महापालिकेचा नळ’ लिहू नये. वाशीचा पहिला खाडीपूल सत्तरीच्या दशकातच झाला होता, पण वाशीला लोकल गेली १९९२ मध्ये, आणि ठाण्याहून तुर्भे-वाशी-नेरूळकडे थेट लोकल २००४ मध्ये. आत्याच्या बारशाला ठाण्याहून वाशीला गाडीने गेलो, असं कोणी १९८१ बद्दल सांगत असेल तर गाडी म्हणजे बस असणार. विचारलं की लगेच बसचा थांबाही आठवतो.

गडकरीची गोष्ट दुरुस्त होऊनही या कॅप्शनमध्ये बसत नाही. फोटो लग्नाचा आहे, त्यात नाटकही नाही आणि बाळही नाही. चांगली गोष्ट चुकीच्या फोटोखाली गेली की तिला आधी पार्श्वभूमी लागते, आणि चारच ओळी असताना पार्श्वभूमीला जागा नसते. ती समारंभात तोंडाने सांगावी, तिथे ती फुलते.

काही गोष्टी मुळातच बाहेर न्यायच्या नसतात. देण्याघेण्यावरून झालेली बोलाचाली, सासूने केलेला जाच, हाती न लागलेलं मूल. आजी जे आवाज खाली करून सांगते ते तिने नातीला सांगितलेलं असतं, कळव्यापासून कोपरखैरण्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना नाही. घड्याळाची गोष्टसुद्धा टाकण्याआधी दोघांना वाचून दाखवावी. ‘मागून आणलं’ हे आजोबांना लागत असेल तर ते त्यांच्या वाढदिवसाला तरी छापू नये. असं झालं तर शालूच्या रंगावर दुसरं काहीतरी उभं करता येतं.

आता लिहायला बसू. पहिला खर्डा नेहमी लांब होतो, तो होऊ द्यावा. कोट, घड्याळ, मित्र, सासरे, वागळे इस्टेटची पाळी, चरईतली खोली, गडकरी, सगळं त्यात येतं आणि दोनशे शब्द होतात. मग कापायचं. कापताना एकच प्रश्न विचारायचा: हे वाक्य या फोटोकडे परत बघायला लावतं का? वागळे इस्टेट जाते. खोली जाते. आखूड बाही हातची सोडवत नाही, पण कोट आणि घड्याळ दोन्ही उसने आले की गोष्ट गरिबीची होते आणि आजोबांची बाजू लंगडी पडते, म्हणून बाहीही जाते. उरतं ते असं:

‘आजोबांच्या हातातलं घड्याळ बघा. आजी सांगते, ते सकाळी मित्राकडून मागून आणलं होतं. आजोबा सांगतात, ते सासऱ्यांनी दिलं. शालू वांगी रंगाचा होता, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.
नौपाडा, ठाणे. रविवार, ९ मे १९७६.
आज पन्नास वर्षं झाली. आजी, आजोबा, तुमचं दोघांचं ऐकूनच मी मोठी झाले. अजून सांगा.
तुमची नात’

पहिलं वाक्य आज्ञार्थी आहे, ते मुद्दाम. वाचणारा लगेच वर फोटोकडे जातो, मनगट शोधतो आणि परत खाली येतो. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २२०० अक्षरांची मर्यादा आहे, पण सुरुवातीची साधारण १२५ अक्षरंच दिसतात, बाकीची दाबल्यावर उघडतात. त्यात देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे प्रत्येकी वेगळं अक्षर म्हणून मोजले जातात. ‘आजी’ हा दोन अक्षरांचा शब्द तिथे तीन होतो आणि ‘मित्राकडून’ चक्क दहा. इथे पहिली तीन वाक्यं मिळून ११४ होतात, म्हणजे आजीची आणि आजोबांची दोन्ही बाजू न दाबता दिसतात. हे महत्त्वाचं आहे. कापलं जाण्याची जागा दोघांच्या मध्ये आली असती तर अर्ध्या नातेवाइकांनी फक्त ‘मागून आणलं होतं’ वाचलं असतं, आणि संध्याकाळी हॉलमध्ये आजोबांना त्याचीच उत्तरं द्यावी लागली असती. आजीला पहिलं आणि आजोबांना दुसरं ठेवण्याचं कारणही तेच. उत्तर देणारा दुसरा यावा.

‘सासऱ्यांनी’ऐवजी ‘पणजोबांनी’ लिहावंसं वाटेल. पण पणजोबा दोन बाजूंचे असतात आणि वाचणाऱ्याला कोणते ते कळत नाही. ‘आजीच्या वडिलांनी’ बरोबर आहे, पण आजोबा बोलताना तसं म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडचा शब्द सासरेच, तो ठेवावा.

दुसरी अडचण हाक मारण्याची. आपल्याकडे बहुतेक घरांत आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’. कॅप्शनमध्ये एकदम आजीलाही ‘आपण’ केलं की ती परकी होते, आणि नात नेहमी बोलते तशी वाटत नाही. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘आजी सांगते, आजोबा सांगतात’ हा फरक तसाच राहू द्यावा. दोघांशी एकत्र बोलायचं असेल तेव्हा अनेकवचनी ‘तुमचं दोघांचं’ आपोआप सोय करतं. म्हणून थेट बोलणं शेवटी, एकाच ठिकाणी आणि दोघांशी मिळून ठेवलंय. ज्या घरात आजोबांनाही ‘तू’ आहे तिथे ‘आजोबा सांगतो’ असं लिहायला संकोच करू नये.

‘हार्दिक शुभेच्छा’ यात नाही, आणि एखादे काका ते विचारतीलच. शुभेच्छा खालच्या प्रतिसादांत दीडशे जण देणार आहेत. नातीने वेगळं काहीतरी द्यावं. उखाण्याच्या चालीवर यमक जुळवण्याचाही मोह होतो, पण उखाणा नाव घेणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभतो. आजीला हॉलमध्ये घ्यायला लावा, ती अजूनही न अडखळता घेईल.

हेच कॅप्शन फ्रेमखाली किंवा फ्लेक्सवर छापायचं असेल तर एक धोका नक्की आहे. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर छापणाऱ्याकडे दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलला जातो आणि त्यात जोडाक्षरं मोडतात. सगळ्यात आधी मोडतो तो ‘ऱ्या’. ‘सासऱ्यांनी’चं ‘सासर्यांनी’ होतं आणि वरवर वाचताना ते निसटतं. ‘मित्रा’तला ‘त्र’ आणि ‘वर्षं’मधला रफार व शेवटचा अनुस्वार हेही सांडतात. म्हणून मजकुरासोबत त्याचं चित्रही पाठवावं आणि बरोबर कसं दिसायला हवं ते दाखवावं. छापण्याआधीचा नमुना मागून घ्यावा आणि हे तीन शब्द अक्षर-अक्षर बघावेत. वर्ष १९७६ आहे ना, तेही. आठ बाय दहाच्या फ्रेममध्ये अक्षर निदान अठरा पॉइंटचं असावं, पांढऱ्यावर काळं, सावली किंवा सोनेरी कड न देता. ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, आणि चमकणाऱ्या सोनेरी अक्षरांवर दिव्याचा उजेड पडला की त्यांना काही वाचता येत नाही.

मूळ फोटो परत अल्बमच्या खाचेत घालण्याआधी त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने, जोर न देता लिहावं. बॉलपेन वापरू नये, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. कॅप्शनपेक्षा इथे जास्त लिहिता येतं, आणि लिहावं: फोटो कधीचा, कुठला, शालूचा रंग, कोट कोणाचा, घड्याळाबद्दल आजी काय म्हणाली, आजोबा काय म्हणाले, आणि हे दोघांनी कोणत्या तारखेला सांगितलं. रेकॉर्डिंगच्या फाइललाही तीच तारीख आणि ‘घड्याळ’ असं नाव द्यावं, म्हणजे पुढे कोणाला आजीच्याच आवाजात ते ऐकायचं असेल तर शोधता येईल.